केळ्याचा केक आणि फोनचा पडदा: लिहून ठेवलेली पाककृती नव्याने मांडताना

पाककृती दोनदा वाचली जाते. पहिल्यांदा निवांत बसून, हा पदार्थ करावा की नाही हे ठरवण्यासाठी. दुसऱ्यांदा ओट्यापाशी उभं राहून. तेव्हा हाताला पीठ लागलेलं असतं, फोन डब्याला टेकवून ठेवलेला असतो आणि नजर भांड्यातून पडद्यावर, पडद्यावरून परत भांड्यात अशी जात असते. बहुतेक जण पाककृती पहिल्या वाचनासाठी लिहितात. ती फोनवर सोपी करायची म्हणजे दुसऱ्या वाचनासाठी नव्याने लिहायची.

या दुसऱ्या वाचनात कुणी सलग वाचत नाही. प्रत्येक वेळी एकच प्रश्न मनात घेऊन माणूस पडद्याकडे बघतो: आता काय घालायचं? किती? झालं हे कशावरून ओळखायचं? उत्तर पहिल्या नजरेत सापडलं नाही, तर पिठाचा अंगठा पडद्यावर फिरवावा लागतो. तो फिरवताना आपण कुठपर्यंत आलो होतो ती जागाही हरवते. पुढे सांगितलेलं सगळं याच एका अडचणीवरचं उत्तर आहे.

एक उदाहरण धरून चालू. केळ्याच्या केकची ही पाककृती बघा. अनेकांच्या वहीत किंवा फोनमध्ये ती अशाच रूपात असते.

> केळी जास्त पिकली की हा केक करावा. तीन केळी कुस्करून घ्या, त्यात वितळवलेलं बटर आणि साखर घालून नीट फेटा, मग दोन अंडी फोडून घाला आणि परत फेटा. मैदा, एक चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात घाला व हलक्या हाताने मिसळा, फार फेटू नका नाहीतर केक चिवट होतो. थोडे अक्रोड घालून मिश्रण बटर लावलेल्या भांड्यात ओता, वरून उरलेले अक्रोड पेरा आणि आधीच तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर तासभर भाजा. गार झाल्यावर कापा. साहित्य: मैदा दीड कप, साखर, बटर १०० ग्रॅम, केळी, अंडी, सोडा, अक्रोड मूठभर.

वाचायला हा मजकूर वाईट नाही. ज्याने हा केक आधी केला आहे त्याला पुरेसाही आहे. पण नवखा माणूस फोन समोर ठेवून करायला गेला, तर किमान चार ठिकाणी अडेल. ती ठिकाणं शोधणं हेच पहिलं काम.

आधी मजकुराची वर्गवारी करा

लगेच ओळी तोडायला बसू नका. मूळ मजकुराची एक प्रत काढा आणि प्रत्येक वाक्याच्या तुकड्यापुढे चारांपैकी एक शब्द लिहा: जिन्नस, क्रिया, खूण, मत. जिन्नस म्हणजे काय आणि किती. क्रिया म्हणजे हाताने करायचं काम. खूण म्हणजे ते काम झालं हे डोळ्याला, नाकाला किंवा बोटाला कसं कळेल. मत म्हणजे तुमचं स्वतःचं, सांगावंसं वाटलेलं काही.

वरच्या मजकुरावर हे करून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. क्रिया भरपूर आहेत. जिन्नस दोन ठिकाणी विखुरलेले आहेत आणि त्या दोन ठिकाणांचा मेळ बसत नाही. मीठ कृतीत आहे पण यादीत नाही. साखर यादीत आहे पण तिचं प्रमाण कुठेच नाही. 'एक चमचा' म्हणजे चहाचा की जेवणाचा, हेही कळत नाही. खुणा तर एकही नाही: 'नीट फेटा', 'हलक्या हाताने', 'तासभर', 'गार झाल्यावर' यांतून कधी थांबायचं ते समजत नाही. आणि मत म्हणावं असं एकच वाक्य आहे, पहिलं.

जिथे खूण नाही तिथे रिकामा चौकोन काढून ठेवा. हे चौकोन केवळ ओळी मोडून भरणार नाहीत. त्यासाठी पदार्थ पुन्हा एकदा करावा लागेल, आणि या वेळी शेजारी वजनकाटा व घड्याळ ठेवून. मला हा भाग टाळता येण्यासारखा वाटत नाही. ज्या पाककृतीत साखरेचं प्रमाण नाही, तिच्या ओळी कितीही सुंदर मांडल्या तरी ती अपुरीच राहते.

साहित्य: यादीतल्या प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी

साहित्याच्या एका ओळीत प्रमाण, नाव आणि कोणत्या अवस्थेत घ्यायचं एवढंच असावं, तेही याच क्रमाने. प्रमाण आधी लिहिल्याने सगळे आकडे डाव्या कडेला एकाखाली एक येतात आणि मोजताना नजर सरळ खाली उतरते. याचा आणखी एक फायदा फोनवरच कळतो. आकडा ओळीच्या शेवटी आला तर '१९०' एका ओळीत आणि 'ग्रॅम' पुढच्या ओळीत अशी फाटाफूट होते. आकडा ओळीच्या सुरुवातीला असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

अवस्थेचा शब्द कुठे ठेवता यावर मात्र बारीक लक्ष द्या, कारण त्याने प्रमाण बदलतं. '१ कप चिरलेले अक्रोड' म्हणजे आधी चिरा आणि मग कप भरा. '१ कप अक्रोड, चिरून' म्हणजे आधी अख्खे अक्रोड कपात भरा आणि मग चिरा. चिरलेले तुकडे एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून पहिल्या कपात अक्रोड जास्त मावतात. वजन दिलं तर हा घोळ संपतो. ६० ग्रॅम अक्रोड अख्खे असोत की चिरलेले, ६० ग्रॅमच असतात.

बेकिंगच्या पाककृतीत वजन आधी आणि कप नंतर असा माझा आग्रह आहे. मैदा कपाने मोजला की मोजणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून राहतं. चमच्याने हलका भरून वरून सपाट केला, तर २४० मिलिच्या कपात साधारण १२५ ग्रॅम मैदा बसतो. कप थेट डब्यात खुपसून भरला तर तोच कप १५० ग्रॅमच्या आसपास जाऊ शकतो. दीड कपात हा फरक वाढत जातो आणि केक कोरडा होतो. शिवाय कपही सगळीकडे एक नाही. काही देशांत तो २४० मिलि धरतात, काही ठिकाणी २५०. म्हणून कप लिहिलाच तर तो किती मिलिचा ते एकदा, यादीच्या वरती सांगून टाका. टीस्पून ५ मिलि आणि टेबलस्पून १५ मिलि हेही तिथेच लिहा. नुसतं 'चमचा' लिहू नका. सोड्याच्या बाबतीत टीस्पूनऐवजी टेबलस्पून पडला, तर साबणासारखी चव येते आणि तो केक टाकूनच द्यावा लागतो.

केळ्यांचंही तसंच. '३ केळी' हे बाजारात उपयोगी पडतं, ओट्यावर नाही. सोललेलं मध्यम केळं साधारण ११५ ते १२० ग्रॅमचं असतं, पण केळी लहानमोठी असतातच. म्हणून दोन्ही लिहा: ३ मध्यम केळी, सोलून सुमारे ३५० ग्रॅम.

आता क्रम. यादी ज्या क्रमाने जिन्नस वापरायचे आहेत त्याच क्रमाने असावी. महत्त्वाचं आधी किंवा महागाचं आधी, असा क्रम वाचणाऱ्याच्या कामाचा नाही. एखादा जिन्नस दोनदा लागत असेल तर ते यादीतच सांगायला हवं. आपल्या उदाहरणात बटर दोनदा लागतं, एकदा मिश्रणात आणि एकदा भांड्याला लावायला. यादीत फक्त '१०० ग्रॅम बटर' असेल तर वाचणारा सगळंच वितळवून मिश्रणात ओततो आणि भांड्याला लावायची वेळ आली की परत फ्रिजकडे जातो. '१०० ग्रॅम बटर (९० मिश्रणात, १० टिनला)' एवढ्याने काम होतं.

कृती: प्रमाण पुन्हा लिहा

सगळ्या बदलांत मी सर्वात जास्त वजन याला देईन. प्रत्येक पायरीत जिन्नसाचं नाव येईल तिथे त्याचं प्रमाणही पुन्हा लिहा. 'मैदा घाला' नको, '१९० ग्रॅम मैदा घाला' हवं.

कागदावर छापलेल्या पाककृतीत हे अनावश्यक वाटतं, कारण साहित्य आणि कृती एकाच पानावर समोर असतात. फोनवर तसं नसतं. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांत एका ओळीत जेमतेम पाच-सहा मराठी शब्द बसतात. दहा जिन्नसांची यादी आणि तिचं शीर्षक मिळून पडद्याचा मोठा भाग व्यापतात. तिसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत यादी वर निघून गेलेली असते. पायरीत प्रमाण नसेल तर प्रत्येक जिन्नसासाठी वर जा, आकडा बघा, खाली या, आपली पायरी शोधा, असं चालतं. आकडा लिहायला दोन शब्द लागतात आणि वाचणाऱ्याच्या चार हालचाली वाचतात.

'उरलेले', 'बाकीचं', 'अर्धं' हे शब्द याच कारणासाठी काढून टाका. 'उरलेले अक्रोड पेरा' हे वाचताना आधी किती घातले ते आठवावं लागतं, आणि मूळ मजकुरात तर आधी 'थोडे' घातले होते. '४० ग्रॅम अक्रोड मिसळा' आणि पुढे '२० ग्रॅम अक्रोड वरून पेरा' असं लिहिलं की आठवण्याचा प्रश्न येत नाही.

पायरी किती मोठी असावी? शब्द मोजत बसू नका. पायरी संपते तिथे वाचणाऱ्याने हातातलं भांडं खाली ठेवून पुन्हा फोनकडे बघणं स्वाभाविक असलं पाहिजे. कोरडे जिन्नस चाळून बाजूला ठेवले, की एक पायरी संपली. केळी कुस्करली, की दुसरी. बटर आणि साखर फेटणं आणि लगेच अंडी घालणं मात्र एकाच पायरीत ठेवा, कारण तिथे हात थांबत नाहीत. प्रत्येक वाक्याला स्वतंत्र क्रमांक दिला तर अठरा पायऱ्या होतात, आणि साधा केक वाचणाऱ्याला अवघड वाटायला लागतो.

क्रम लावताना मूळ मजकुरातली दोन वाक्यं जागा बदलतील. पहिलं ओव्हनचं. 'आधीच तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये' हे शब्द मिश्रण तयार झाल्यावर वाचायला मिळतात, तेव्हा ओव्हन थंड असतो. या केकमध्ये ते महागात पडतं. खायचा सोडा ओलाव्यात आणि केळ्याच्या आंबटपणात मिसळला की लगेच वायू सुटायला लागतो. ओव्हन तापेपर्यंत मिश्रण वाट बघत राहिलं तर त्यातला बराच वायू निघून जातो आणि केक दडस बसतो. म्हणून ओव्हन पायरी क्रमांक एकमध्ये.

दुसरं वाक्य इशाऱ्याचं. मूळ मजकुरात 'त्यात घाला व हलक्या हाताने मिसळा' झाल्यावर 'फार फेटू नका' येतं. वाचणारा ओट्यापाशी असतो, त्याने 'मिसळा' वाचलं आणि तो मिसळायला लागला. इशारा त्याच्या नजरेस पडेपर्यंत मिश्रण गुळगुळीत झालेलं असतं, मैद्यातलं ग्लूटेन ताणलेलं असतं आणि केक चिवट होणार हे ठरलेलं असतं. इशारा नेहमी क्रियेच्या आधी द्यावा. 'आता फेटणी बाजूला ठेवा आणि उलथनं घ्या' असं म्हटलं की इशारा वेगळा द्यावाही लागत नाही. हातातलं साधनच बदललं की वेगही आपोआप उतरतो.

रिकामे चौकोन भरा

आता खुणा. 'नीट फेटा' याच्या जागी कधी थांबायचं ते हवं: अंड्याचे पांढरे धागे दिसेनासे होईपर्यंत. 'हलक्या हाताने मिसळा' याच्या जागी: मैद्याचा शेवटचा पांढरा पट्टा दिसेनासा झाला की थांबा, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील.

वेळ एका आकड्यात देऊ नका. ओव्हनच्या आतली उष्णता बटणावरच्या आकड्यासारखीच असेल असं नसतं, आणि भांड्याच्या आकारानेही फरक पडतो. तेच मिश्रण पसरट भांड्यात लवकर होतं, अरुंद व खोल भांड्यात मध्ये कच्चं राहतं. म्हणून भांड्याचं माप लिहा आणि वेळेची कक्षा द्या. कक्षेसोबत खूणही हवी, नाहीतर ५० आणि ६० यांच्या मध्ये काय करायचं ते कळत नाही. '५०–६० मिनिटं. ५०व्या मिनिटाला मधोमध लाकडी काडी घाला. तिला ओलं पीठ लागलं तर आणखी ५ मिनिटं.' एवढ्यात सगळं आलं.

पंखा असलेला ओव्हन वापरणाऱ्यांसाठी तापमान साधारण १५ ते २० अंश कमी धरावं लागतं. हे पायरीतच कंसात लिहा, शेवटच्या टिपांत नको. टिपांपर्यंत वाचणारा पोचतो तेव्हा केक भाजून झालेला असतो.

तुमचा स्वतःचा हात कुठे दिसावा

नवे लिहिणारे इथे दोन टोकांना जातात. काही जण आठवणींचे सहा परिच्छेद आधी लिहितात, आणि साहित्यापर्यंत पोचायला अंगठा दुखायला लागतो. दुसरे हे टाळायचं म्हणून सगळंच काढून टाकतात. मग ती पाककृती कुणाचीच राहत नाही, डब्यावरच्या सूचनांसारखी होते.

मला वाटतं, आपुलकीला जागा द्यायचीच, पण ती तीन ठिकाणी वाटून द्यायची. वरती दोन-तीन वाक्यं: हा पदार्थ कसा लागतो, कधी करावा, तुम्हाला का आवडतो. ही वाक्यं पहिल्या वाचनासाठी आहेत, माणूस ठरवत असताना त्याला मदत करणारी. 'अतिशय रुचकर' यापेक्षा 'दुसऱ्या दिवशी जास्त ओलसर आणि जास्त गोड लागतो, म्हणून मी तो आदल्या रात्री करते' हे शंभरपट उपयोगी आहे. त्यात चव आहे, तुमची सवय आहे आणि सल्लाही आहे.

दुसरी जागा पायरीच्या आत, जिथे निर्णय घ्यायचा असतो तिथे. 'माझ्या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते, म्हणून ४० मिनिटांनी मी टिन फिरवून ठेवते.' हे वाक्य ज्याने खरंच अनेकदा भाजलं आहे त्यालाच लिहिता येतं, आणि वाचणारा आपल्या ओव्हनकडे त्याच नजरेने बघायला लागतो. अशी ओळ एका पायरीत एकच, आणि पायरीच्या शेवटी. सूचनेच्या मधोमध आली तर ती सूचनेला अडवते.

तिसरी जागा अगदी खाली, कृती संपल्यावर. मोठी आठवण, कुणाकडून शिकलात, पहिल्यापेक्षा आता काय बदललं, हे सगळं तिथे मोकळेपणाने लिहा. तिथे लांबीची अडचण नाही. केक गार होण्याची वाट बघणाऱ्याला वाचायला वेळही असतो.

एखादं वाक्य ठेवावं की नाही अशी शंका आली तर ते झाकून पायरी वाचून बघा. वाक्य नसताना पायरी तशीच करता येत असेल तर ते खाली न्या. त्याने पायरी अधिक चांगली करता येत असेल तर जागेवर राहू द्या.

अक्षरांबद्दल थोडंसं

ठळक अक्षरं फक्त वेळ आणि तापमान यांना द्या. देवनागरीत जोडाक्षरं मुळातच दाट असतात. पूर्ण ओळ ठळक केली की लहान पडद्यावर ती भरून आल्यासारखी दिसते, आणि सगळंच ठळक असलं की काहीच उठून दिसत नाही. तिरकी अक्षरं टाळलेली बरी, मराठीत ती नुसती कललेली दिसतात आणि वाचायला जड जातात. आकडे एकाच पद्धतीचे ठेवा. वर '१७५' आणि खाली इंग्रजी आकड्यांत तेच तापमान असं झालं की नजर अडखळते. साहित्यासाठी दोन-तीन रकान्यांचं कोष्टक करू नका. फोनवर ते एकतर आक्रसतं किंवा उजवीकडे कापलं जातं.

फोटो कमी आणि निर्णयाच्या जागी. मैदा मिसळताना कुठे थांबायचं त्याचा एक आणि कापलेल्या केकचा एक, एवढे पुरतात. फोटो पायरीच्या खाली ठेवा, वर ठेवला तर वाचायची ओळच पडद्याबाहेर जाते.

सगळं मिळून

तोच मजकूर आता असा होतो.

केळ्याचा केक

काळे ठिपके पडलेली केळी घ्या, पिवळीधमक नकोत. गोडवा आणि वास ठिपक्यांच्या केळ्यात असतो. दुसऱ्या दिवशी हा केक जास्त ओलसर लागतो, म्हणून मी तो आदल्या रात्री करते.

१० काप. तयारी २० मिनिटं, भाजायला ५०–६० मिनिटं, गार व्हायला सव्वा तास.
भांडं: २३ × १३ सेंमी लोफ टिन.
१ कप = २४० मिलि, १ टीस्पून = ५ मिलि.

साहित्य

१०० ग्रॅम बटर (९० वितळवून मिश्रणात, १० टिनला)
१९० ग्रॅम मैदा (दीड कप)
१ टीस्पून खायचा सोडा, सपाट
पाव टीस्पून मीठ
३ मध्यम केळी, खूप पिकलेली (सोलून सुमारे ३५० ग्रॅम)
१३० ग्रॅम साखर
२ अंडी
६० ग्रॅम अक्रोड, जाडसर चिरून (४० मिश्रणात, २० वरून)

कृती

१. ओव्हन १७५ अंश सेल्सिअसवर तापवायला ठेवा (पंखा असेल तर १६०). टिनला १० ग्रॅम बटर लावा आणि तळाला बेकिंगचा कागद घाला. ९० ग्रॅम बटर वितळवून कोमट होऊ द्या.

२. एका भांड्यात १९० ग्रॅम मैदा, १ टीस्पून सोडा आणि पाव टीस्पून मीठ चाळून बाजूला ठेवा.

३. मोठ्या भांड्यात ३५० ग्रॅम केळी काट्याने कुस्करा. वाटाण्याएवढे तुकडे राहू द्या. खाताना ते मध्येच लागतात ते मला आवडतं.

४. बटर कोमट झालंय का बोटाने बघा. कडकडीत असेल तर अंडी शिजतील. केळ्यांत ९० ग्रॅम बटर आणि १३० ग्रॅम साखर घालून फेटा. मग २ अंडी घाला आणि पांढरे धागे दिसेनासे होईपर्यंत फेटा.

५. फेटणी बाजूला ठेवा, उलथनं घ्या. मैद्याचं कोरडं मिश्रण घालून खालून वर असं मिसळा. शेवटचा पांढरा पट्टा गेला की थांबा. बारीक गुठळ्या चालतील.

६. ४० ग्रॅम अक्रोड मिसळा. मिश्रण टिनमध्ये ओता, वरून २० ग्रॅम अक्रोड पेरा आणि लगेच ओव्हनमध्ये ठेवा.

७. ५०–६० मिनिटं भाजा. ५०व्या मिनिटाला मधोमध काडी घाला. ओलं पीठ लागलं तर आणखी ५ मिनिटं. वरचा भाग आधीच गडद झाला तर फॉइल झाका. माझ्या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते, म्हणून ४० मिनिटांनी मी टिन फिरवून ठेवते.

८. टिनमध्येच १५ मिनिटं ठेवा, मग बाहेर काढून जाळीवर १ तास. गरम कापला तर चुरा होतो.

मूळ मजकुरापेक्षा हा लांब आहे. पण कुठल्याही क्षणी वाचणाऱ्याला यातली एकच पायरी लागते, आणि ती एका नजरेत मावते.

करून बघणारा माणूस हवा

तपासणी दोन प्रकारची करा. पहिली तुम्ही स्वतः, कागद-पेन्सिल घेऊन. यादीतला प्रत्येक जिन्नस कृतीत सापडतो का आणि कृतीतला प्रत्येक जिन्नस यादीत आहे का, हे एकेक खूण करत बघा. दोनदा वापरलेल्या जिन्नसांची बेरीज करा: ९० आणि १० मिळून १००, ४० आणि २० मिळून ६०. मूळ मजकुरातलं हरवलेलं मीठ याच तपासणीत सापडलं असतं.

दुसरी तपासणी दुसऱ्याच्या ओट्यापाशी. ज्याने हा पदार्थ कधी केला नाही अशा कुणाला तरी फोन देऊन करायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. त्याला कसं वाटलं ते विचारू नका, अंगठा बघा. अंगठा वर गेला म्हणजे तो काहीतरी शोधतोय. त्या पायरीत प्रमाण राहून गेलं असेल. तो एकाच जागी थांबून दोनदा वाचतोय म्हणजे पायरीत दोन कामं कोंबली आहेत किंवा खूण अस्पष्ट आहे. तो तुमच्याकडे बघून 'एवढं पुरे का?' म्हणाला, तर तिथे अजून एक रिकामा चौकोन आहे. तोंडी उत्तर देऊन मोकळं होऊ नका. तुम्ही जे सांगणार होतात तेच शब्द त्या पायरीत लिहा. बोलताना आलेली वाक्यं बहुधा लिहून काढलेल्या वाक्यांपेक्षा चांगली असतात.

काही पदार्थ या साच्यात पूर्ण बसणार नाहीत. हाताने मळायच्या कणकेत पाण्याचं नेमकं प्रमाण पिठावर ठरतं. तिथे कक्षा आणि बोटाला कळणारी खूण द्या, खोटा नेमका आकडा देऊ नका. ज्या पदार्थात एकाच वेळी दोन शेगड्यांवर काम चालतं, तिथे पायरीच्या सुरुवातीलाच 'हे शिजत असताना' असं लिहा, म्हणजे वाचणारा पहिलं संपायची वाट बघत थांबणार नाही.

प्रमाण दोन ठिकाणी लिहिण्याची एक जबाबदारी मात्र येते. उद्या तुम्ही साखर १३० वरून ११० ग्रॅमवर आणली, तर ती यादीतही बदला आणि चौथ्या पायरीतही. एकाच जागी बदलली तर वाचणाऱ्याला दोन आकडे दिसतील, आणि ओट्यापाशी उभा असलेला माणूस जो आधी दिसेल त्यावर विश्वास ठेवेल. म्हणून बदल करताना जुना आकडा मजकुरात शोधून बघा, तो कुठेच उरला नाही याची खात्री झाल्यावरच मजकूर बंद करा.